जुने कपाट, नवी लादी

घरात नवी लादी बसवायची ठरली की सारे घर दुकानात जाते. तेथे हल्ली लाकडाच्या फळ्यांचे चित्र असलेली लादी भिंतीला लावून उभी असते. ती सर्वांना आवडते. लादी घरी येते, गवंडी ती बसवतो, बाहेर काढलेले सामान पुन्हा आत येते, आणि मग घरातले कोणीतरी म्हणते, "कपाट एवढं लाल कधीपासून दिसायला लागलं?" कपाट तेच असते. कालपर्यंत मोझॅकच्या लादीवर ते बरे दिसत होते. आज ते आणि लादी दोघे एकमेकांवर डोळे वटारून बसलेले दिसतात.

बसवलेली लादी उखडणे म्हणजे खर्च दुप्पट. म्हणून बहुतेक घरांत शिक्षा कपाटाला होते. भंगारवाला येतो, हजार-दीड हजारांत सागवानाचे कपाट हातगाडीवर टाकून घेऊन जातो. त्याच्या जागी भुसा दाबून केलेल्या फळीचे नवे कपाट हप्त्यावर येते. त्या फळीला दोन पावसाळे ओल लागली की ती खालून फुगते आणि बिजागरीचे स्क्रू धरत नाही. रंग जुळला नाही एवढ्या कारणासाठी आपल्या घरांतून चांगले लाकूड असे बाहेर जाताना आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून या वेळी जुन्या लाकडाचा आणि नव्या लादीचा रंग कसा जुळवावा, एवढ्याच विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम हे भांडण कशामुळे होते ते पाहू. लाकडाच्या रंगात दोन गोष्टी असतात. एक, तो किती गडद किंवा फिका आहे. दुसरी, त्याच्या पोटात कोणता रंग आहे. सगळी लाकडे तपकिरीच, पण काहींच्या पोटात लाल असतो, काहींच्या पिवळा, तर काहींच्या राखाडी. साडीचेच उदाहरण घ्या. दोन हिरव्या साड्या जवळ ठेवल्या की एक पोपटी वाटते, दुसरी निळसर वाटते. वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही नुसत्या हिरव्या. लाकडाचेही तसेच आहे. लाल पोटाच्या कपाटाखाली राखाडी पोटाची लादी आली की कपाट आहे त्याहून लाल दिसते आणि लादी आहे त्याहून निळसर, थंड दिसते. आपला डोळा शेजारच्या दोन रंगांतला फरक वाढवून पाहतो, म्हणून असे होते. यात लादीचाही दोष नाही आणि कपाटाचाही नाही.

भांडणाचे दुसरे कारण याच्या उलट आहे. लादी कपाटाच्या अगदी जवळच्या रंगाची असते, पण तंतोतंत तीच नसते. पुष्कळांना वाटते की जितके जवळ तितके चांगले. प्रत्यक्षात पुरते वेगळे असलेले दोन रंग शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. जवळजवळ सारखे असलेले दोन रंग मात्र "जुळवायला गेले आणि फसले" असे दिसतात. शाळेच्या गणवेशाला एका खांद्यावर दुसऱ्या ताग्यातले कापड जोडले तर जसे दिसेल तसे. शिवाय दोहोंपैकी जे जुने ते मळकट वाटू लागते.

म्हणजे सूत्र एवढेच झाले. पोटातला रंग एका कुळातला असावा आणि गडदपणात ठळक फरक असावा. हे साधत नसेल तर लादीवर लाकडाचे चित्रच नको. साधी, फिकी, दगडासारखी लादी घ्यावी, म्हणजे लाकूड फक्त सामानाचेच राहील. आता हे घरात कसे करायचे ते सांगतो.

आपल्या सामानाचा रंग आधी ओळखावा. येथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. "आमचं कपाट लाल सागवानाचं आहे" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सागवान ताजे कापले की पिवळसर तपकिरी असते, त्यात मधूनमधून गडद रेघा असतात. उजेड लागला की काही आठवड्यांत ते सोनेरी तपकिरी होते. लाली बहुतेक वेळा लाकडाची नसते, पॉलिशवाल्याची असते. पूर्वी पॉलिश करण्यापूर्वी लाकडाची बारीक छिद्रे भरून काढण्यासाठी खडूची पावडर लावत, आणि तिला रंग यावा म्हणून तीत गेरू मिसळत. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात देत. लाख मुळातच नारिंगी-पिवळी. म्हणजे खाली गेरूचा लाल, वर लाखेचा नारिंगी, आणि त्यावर वर्षानुवर्षांचा धूर आणि तेलकट हात. चाळीतल्या जुन्या कपाटांचा तो ओळखीचा लालभडक रंग असा तयार झालेला असतो.

म्हणून कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढावा आणि त्याची मागची किंवा खालची बाजू पाहावी. तेथे सहसा पॉलिश लावलेले नसते. तेथे दिसेल ते खरे लाकूड. नंतर कपाटाच्या दर्शनी भागावर एक कोरा पांढरा कागद टेकवावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावे. नुसते लाकूड पाहिले की डोळा त्याला "तपकिरी" म्हणून सोडून देतो. पांढरा कागद शेजारी आला की त्याच्या पोटातला लाल, पिवळा किंवा राखाडी लगेच वर येतो. घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूवर हा कागद फिरवावा आणि वहीत तीन शब्दांत नोंद करावी : वस्तू, पोटातला रंग, गडद की मध्यम की फिका. पाच मिनिटांचे काम आहे, पण दुकानात गेल्यावर हीच नोंद उपयोगी पडते.

दुकानातला उजेड हा वेगळाच प्रकार असतो. लादी ज्या फळ्यावर मांडलेली असते त्यावर बहुधा पिवळे दिवे सोडलेले असतात. त्या उजेडात राखाडी लादीही उबदार वाटते. आपल्या घरात मात्र बहुतेक ठिकाणी पांढराशुभ्र एलईडी दिवा असतो. त्याच्या खोक्यावर ६५०० हा आकडा छापलेला असतो. हा उजेड निळसर असतो. त्याखाली लाल-पिवळे लाकूड निस्तेज होते आणि राखाडी लादी आणखी थंड होते. म्हणून दुकानात पसंत पडलेल्या प्रत्येक लादीचा एकेक अखंड तुकडा घरी आणावा. दुकानदार अनामत ठेवून देतात. नाहीच दिला तर दोन-तीन लाद्या विकत घ्याव्या. सगळ्या खोलीच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. हातात धरण्याएवढा छोटा नमुना चालत नाही, कारण त्यात चित्राचा एकच भाग आलेला असतो. कधी फिका, कधी गाठीचा.

आता एका घरी हे कसे झाले ते सांगतो, म्हणजे सगळे एका ओळीत लक्षात येईल.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची खोली दहा बाय चौदाची. खालची जुनी मोझॅकची लादी दोन ठिकाणी पोकळ होऊन उचलली गेली होती. घरात एक सागवानाचे कपाट, यजमानांनी १९८२ च्या गिरणी संपाआधी बोनसमधून करून घेतलेले. यजमान आता नाहीत. दुसरे, मुलांच्या अभ्यासाचे टेबल, तेही सागाचेच, पण त्याला लाल पॉलिश कधीच लागले नव्हते. तिसरे, टीव्हीखालचे प्लायवूडचे खोके, त्यावर गडद अक्रोडी सनमायका. सुनेला लाकडी दिसणारी लादी हवी होती. सासूबाईंची एकच अट होती.

"लादी तुला पाहिजे ती घाल," त्या म्हणाल्या, "पण कपाट कुठं जाणार नाही."

"आई, कपाट ठेवायचंच आहे. पण ते शोभलं तर पाहिजे ना!" सून म्हणाली.

दोघींचेही बरोबरच होते. आम्ही एवढेच सुचवले की आधी कागद फिरवा. नोंद अशी झाली : कपाट लाल, मध्यम ते गडद. टेबल पिवळे, फिके ते मध्यम. टीव्हीचे खोके किंचित राखाडी, पुरते गडद. सर्वांत मोठी वस्तू कपाट. लादी तिच्याशी जुळली पाहिजे, कारण खोलीत शिरताच तीच दिसते. लहान वस्तूंचा रंग बदलता येतो किंवा त्यांची जागा बदलता येते, म्हणून त्यांचा विचार नंतर.

दुकानातून चार लाद्या आणल्या, सर्व दोन बाय दोन फुटांच्या. पहिली राखाडी लाकडाच्या चित्राची, जी आजकाल सर्वांत जास्त खपते. दुसरी सागवानी तपकिरी, दुकानदाराच्या शब्दांत "सेम टू सेम". तिसरी फिक्या मधाच्या रंगाची, फळ्यांचे चित्र असलेली. चौथी नुसती मलईच्या रंगाची, बिनचित्राची. चारही लाद्या कपाटाच्या पायाशी जमिनीवर आडव्या ठेवल्या. लादी हातात धरून किंवा भिंतीला टेकवून पाहू नये. जमिनीवर तिच्यावर वेगळा उजेड पडतो. सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून, अशी तीन वेळा सर्वांनी पाहिली.

राखाडी लादीशेजारी कपाट विटेसारखे लाल झाले. रात्रीच्या पांढऱ्या दिव्यात तर लादी सिमेंटसारखी दिसू लागली. सूनबाईंनी ती स्वतःच बाजूला केली. "सेम टू सेम" लादी सकाळी बरी वाटली, पण दुपारी तिरपा उजेड आला तेव्हा लादी पिवळट आणि कपाट काळपट दिसू लागले. कपाट पुसलेच नाही असे वाटावे. या लादीला आणखी एक अडचण असते. लाकडाचा रंग वर्षांनी बदलत जातो, लादीवरचे छापलेले चित्र बदलत नाही. म्हणजे आज जुळले तरी पुढे ते फाटणारच. मलईच्या लादीवर कपाट सुरेख दिसले. मधाच्या रंगाच्या लादीवरही चांगले दिसले. लादीच्या पोटात पिवळा, कपाटाच्या पोटात लाल-नारिंगी, म्हणजे कुळ उबदार, आणि गडदपणात मात्र चांगला दोन पायऱ्यांचा फरक.

या दोन पायऱ्या कशा मोजाव्या? सोपी युक्ती आहे. डोळे अर्धवट मिटून, पापण्यांच्या फटीतून पाहावे. बारीकसारीक चित्र आणि रेघा पुसल्या जातात आणि फक्त गडद-फिके उरते. तसे पाहिल्यावर कपाटाची खालची कड लादीपासून स्पष्ट वेगळी दिसली तर फरक पुरेसा आहे. कपाट कुठे संपते आणि लादी कुठे सुरू होते हे कळले नाही तर फरक कमी आहे. मोबाइलवर काळापांढरा फोटो काढूनही हेच पाहता येते.

सुनेची पसंती मधाच्या रंगाला होती आणि कपाटाची हरकत नव्हती. पण त्या लादीवर अभ्यासाचे टेबल ठेवून पाहिले तर ते दिसेनासेच झाले. पिवळ्यावर पिवळे, फिक्यावर फिके. येथे मलईची लादी घेऊन प्रश्न सुटला असता, आणि ज्यांना आणखी खटपट नको त्यांनी तसेच करावे. या कुटुंबाने दुसरा मार्ग घेतला. लादी बदलण्यापेक्षा टेबलाचा रंग बदलणे सोपे. टेबल पॉलिशवाल्याकडून दोन पायऱ्या गडद करून घ्यायचे ठरले, कपाटाच्या जवळ जाईल असे, पण गेरूची लाली न आणता. टीव्हीचे खोके सनमायकाचे असल्याने त्याला पॉलिश लागणारच नव्हते. ते कपाटाला लागून होते, तेथून उचलून समोरच्या भिंतीशी नेले. एवढ्या अंतरावर त्याच्या पोटातला राखाडी कोणाला जाणवत नाही, आणि गडद असल्याने ते लादीशीही भांडत नाही.

लादी किती लागते याचा हिशेबही येथेच सांगून टाकतो. दहा बाय चौदा म्हणजे १४० चौरस फूट. कापताना फुटणारी आणि कडेला वाया जाणारी लादी धरून दहा टक्के जास्त, म्हणजे १५४. दोन बाय दोनच्या चार लाद्यांच्या खोक्यात साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतात. दहा खोकी पुरतात. ही दहाही खोकी एकदम घ्यावी आणि प्रत्येक खोक्यावरचा छटेचा आणि उत्पादनाच्या खेपेचा शिक्का एकच आहे ना ते वाचून पाहावे. एकाच नावाच्या लादीत दोन खेपांमध्ये रंगाचा फरक पडतो. दोन खोकी मागाहून आणली की खोलीच्या मधोमध दुसराच पट्टा दिसतो. उरलेल्या लाद्या माळ्यावर जपून ठेवाव्या.

खोकी उघडली की लगेच गवंड्याच्या हाती देऊ नये. आठ-दहा लाद्या जमिनीवर मांडाव्या. स्वस्त लादीवर लाकडाचे एकच चित्र पुन्हा पुन्हा छापलेले असते. तीच गाठ प्रत्येक लादीवर त्याच जागी येते, आणि बसवल्यावर खोलीभर ठिपक्यांची रांग दिसते. वेगवेगळी चित्रे असतील तर ती सारखी मिसळून मांडावी. सांध्यात भरायची पावडर लादीच्याच रंगाची घ्यावी. लाकडाच्या चित्रावर पांढरे सांधे आले की फळी न दिसता चौकटी दिसतात. आणि चकचकीत लादीपेक्षा मंद, बिनचमकेची लादी घ्यावी. चकचकीत लादीत लाल कपाटाची सावली उमटते आणि लाली दुप्पट होते.

हे झाले लादी घेण्यापूर्वीचे. पण ज्यांच्या घरी लादी बसून गेली आहे, किंवा पुनर्विकासाच्या इमारतीत बांधणाऱ्याने जी घातली ती मुकाट्याने स्वीकारावी लागली आहे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी उपाय आहेत. स्वस्त उपायापासून सुरुवात करावी.

पहिला उपाय दिव्याचा. ६५०० च्या जागी ४००० आकड्याचा दिवा लावून पाहावा. तो पिवळा नसतो आणि निळसरही नसतो. राखाडी लादी आणि लाल कपाट यांच्यातला ताण रात्रीपुरता तरी त्याने बराच कमी होतो. मुलांना अभ्यासालाही हा उजेड पुरतो. ३००० चा पिवळा दिवा मात्र लाल कपाटाला नारिंगी करतो, म्हणून तो टाळावा.

दुसरा उपाय दोघांच्या मध्ये काहीतरी आणण्याचा. कपाट जेथे लादीला टेकते तेथेच भांडण सर्वांत जास्त दिसते. कपाटाच्या खाली तीन-चार इंचांची पट्टी असते, तिला गडद तपकिरी, जवळजवळ काळा ऑइलपेंट द्यावा. एक गडद रेघ मध्ये आली की दोन्ही रंग सुटे होतात. कपाटासमोर सतरंजी अंथरावी, पण तीत दोन्हीकडचा रंग असावा. राखाडी लादी आणि लाल कपाट असेल तर राखाडी जमिनीवर विटकरी पट्ट्यांची सतरंजी चालते. तिसराच भडक रंग, निळा किंवा हिरवा, आणला तर दोघांच्या भांडणात तिसरा येतो. सतरंजी धुता येईल अशीच घ्यावी.

तिसरा उपाय पॉलिशचा. यात पैसे जातात, म्हणून आधी कपाटावर कोणते पॉलिश आहे ते ओळखावे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटचा बोळा कपाटाच्या मागच्या बाजूला, जेथे पॉलिश आहे अशा जागी मिनिटभर दाबून धरावा. बोळ्याला तपकिरी रंग लागला आणि जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. काहीच झाले नाही तर बहुधा मेलामाइन किंवा त्यासारखे कडक पॉलिश. लाखेचे पॉलिश स्पिरिटने निघते आणि घासून काढता येते. कडक पॉलिश काढायला रिमूव्हर लागते किंवा भरपूर घासावे लागते, म्हणून मजुरी जास्त पडते.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवावी. आहे त्या पॉलिशवरून लाकूड गडद करता येते, फिके करता येत नाही. फिके हवे असेल, किंवा गेरूची लाली घालवायची असेल, तर जुना थर काढून उघड्या लाकडापर्यंत जावे लागते. अखंड सागवान असेल तरच हे करावे. वर पातळ पापुद्रा चिकटवलेले प्लायवूड असेल तर घासता घासता पापुद्रा फाटतो आणि मग उपाय राहत नाही. दाराची कड पाहिली की हे कळते. वरच्या रेघा कडेवर वळून पुढे जात असतील तर अखंड लाकूड. कडेवर वेगळी पट्टी किंवा थर दिसत असतील तर प्लायवूड.

जुना थर निघाल्यावर लाकूड अगदी फिके, काहीसे ठिगळासारखे दिसते. त्या अवस्थेत घाबरून "अजून गडद करा" असे सांगू नये. ओल्या फडक्याने एक जागा पुसावी. पाणी असेपर्यंत जो रंग दिसेल, साधारण तोच रंग बिनरंगी पॉलिशखाली येतो. तो लादीच्या तुकड्याशेजारी पाहावा. रंग मिसळायचा असेल तर पॉलिशवाल्याला आधी खणाच्या मागच्या बाजूला हातभर जागेत नमुना करायला सांगावा, तो वाळू द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात पाहून मगच होकार द्यावा. ओले पॉलिश नेहमी गडद आणि चमकदार दिसते. त्यावर निर्णय घेतला की पस्तावण्याची पाळी येते. सागवान पुढे काही आठवडे उजेडात स्वतःहून थोडे गडद होणार आहे, हेही धरून चालावे. काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि त्या खोलीत गॅस, स्टोव्ह, उदबत्ती काही पेटवू नये. स्पिरिट आणि थिनर दोन्ही चटकन पेट घेतात.

वर सांगितलेल्या घरात कपाटाला हात लावावाच लागला नाही. फक्त ते साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे केले. तीस-चाळीस वर्षांचा तेलकट थर निघाला तेव्हा लाली निम्मी उतरली. तो थर काही पॉलिशचा नव्हता, स्वयंपाकाच्या धुराचा होता. म्हणून आमचे सांगणे असे की लादीच्या दुकानात जाण्यापूर्वी आपले सामान आधी स्वच्छ पुसून घ्यावे आणि मग पांढरा कागद लावावा. मळक्या कपाटाशी जुळवलेली लादी, कपाट धुतल्यावर जुळेल असे नाही.

टेबल गडद होऊन परत आले तेव्हा सुनेने ते कपाटाशेजारी लावून पाहिले. दोन्ही हुबेहूब एक झाली नाहीत, आणि तशी अपेक्षाही नव्हती. टेबल किंचित पिवळ्याकडे, कपाट किंचित लालीकडे. पण खाली फिकी लादी असल्याने दोघे एका घरचे दिसतात. सासूबाईंनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता कपाटाला सोबत झाली."

ज्या वाचक बंधू-भगिनींच्या घरी दिवाळीपूर्वी किंवा लग्नकार्यापूर्वी लादीचे काम निघणार असेल, त्यांनी अनामतीवरचे नमुने तीन वेळच्या उजेडात पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या हाती पूर्ण पैसे ठेवू नयेत. आणि लादी आधीच बसली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी चौदा दिवस ४००० चा दिवा, पायाची गडद पट्टी आणि एक सतरंजी एवढे करून पाहावे. बहुतेक घरांत तेवढ्यावर भागते.